राउटर बंद-चालू करायचा की फॅक्टरी रीसेट मारायचा? आणि पिन टोचायच्या आधी काय काय जपून ठेवायचं

नेट गेलं की घरात कोणीतरी विचारतंच, "राउटर रीसेट केलास का?" आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण विचारणाऱ्याला म्हणायचं असतं की बंद करून परत चालू केलास का, आणि ऐकणारा सेफ्टी पिन शोधायला लागतो आणि मागचं ते बारीक भोक दाबून बसतो. दोन्हीची नावं जवळजवळची असली तरी राउटरच्या आत जे होतं ते अगदी वेगळं असतं. बंद-चालू केल्याने फार तर पाच मिनिटं जातात. फॅक्टरी रीसेटने मात्र थोडं अडखळत चालणारं नेट दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ण बंद पडू शकतं, आणि माझ्याकडे नेमकं तेच झालं होतं.

माझं नेट तेव्हा दिवसातून चार-पाच वेळा जायचं, दोन-तीन मिनिटांत आपोआप परत यायचं. आठवडाभर असं चाललं, मी वैतागले आणि एका रात्री दहा वाजता सरळ रीसेट मारला. राउटर चालू झाला, वायफायचं नाव बदलून स्टिकरवरचं झालं, आणि नेट मात्र आलंच नाही, कारण पीपीपीओईचा, म्हणजे राउटर ज्याने इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करतो तो, युजरनेम-पासवर्ड राउटरमध्येच होता आणि तो मी पुसून टाकला होता. माझ्याकडे तो कुठेही लिहिलेला नव्हता. कस्टमर केअर सकाळी उघडणार, मग तक्रार, मग पासवर्ड मिळणार, असं करत दुसऱ्या दिवशी दुपारी नेट आलं. आणि संध्याकाळी परत तेच, तीन मिनिटं गायब! खरा दोष नंतर सापडला, राउटरचा अ‍ॅडॉप्टर कमजोर झाला होता आणि त्यामुळे राउटर स्वतःच रीस्टार्ट होत होता. हे एका आकड्यावरून आधीच कळलं असतं, तो आकडा कुठला ते पुढे सांगते.

आत नक्की काय पुसलं जातं

राउटर म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. त्यात दोन प्रकारची मेमरी असते. एक रॅम, जी वीज गेली की कोरी होते, आणि दुसरी फ्लॅश, जी वीज गेली तरी टिकते.

रॅममध्ये चालू कामाचा पसारा असतो. घरातला कुठला मोबाईल बाहेरच्या कुठल्या सर्व्हरशी बोलतोय त्याची यादी, कुठल्या डिव्हाइसला कुठला आयपी दिलाय ती नोंद, इंटरनेट कंपनीशी जोडलेलं चालू सेशन, वायफायने निवडलेला चॅनल, आणि सिस्टिम लॉग. फ्लॅशमध्ये फर्मवेअर म्हणजे राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि शेजारीच तुमच्या सेटिंग्ज असतात, म्हणजे वायफायचं नाव, पासवर्ड, पीपीपीओईची माहिती, अ‍ॅडमिन पासवर्ड वगैरे.

रीबूट म्हणजे फक्त रॅम कोरी. सेटिंग्जना धक्काही लागत नाही. फॅक्टरी रीसेट म्हणजे फ्लॅशमधल्या सेटिंग्ज पुसून राउटर बनवणाऱ्याच्या मूळच्या परत, आणि त्यासोबत रीबूट. एक गैरसमज खूप जणांना असतो तो इथेच काढून टाकूया, फॅक्टरी रीसेटने फर्मवेअर जुन्या व्हर्जनवर जात नाही. तुम्ही मध्ये अपडेट केलेलं असेल तर रीसेटनंतरही तेच नवीन फर्मवेअर राहतं. त्यामुळे "अपडेटनंतर बिघडलं, रीसेट करून जुनं आणते" हे जमत नाही, त्याला जुनं फर्मवेअर फाईलवरून टाकावं लागतं आणि सगळे राउटर ते करूही देत नाहीत.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की बिघाड चालू पसाऱ्यात आहे की साठवलेल्या सेटिंग्जमध्ये. पसाऱ्यात असेल तर रीबूटने जातो, सेटिंग्जमध्ये असेल तर कितीही रीबूट करा तसाच राहतो, आणि दोन्हीकडे नसेल, म्हणजे वायरीत, अ‍ॅडॉप्टरमध्ये किंवा कंपनीच्या बाजूला असेल, तर रीसेटने फक्त तुमचं नुकसान होतं.

रीबूट नीट कसा करायचा

रीबूटने काय काय सुटतं? कनेक्शनची यादी भरून गेलेली असली, की पेजेस अर्धवट उघडतात, एखादं अ‍ॅप चालतं आणि दुसरं चालत नाही, तर ते सुटतं. फर्मवेअरमध्ये मेमरी हळूहळू खाणारी चूक असली तर काही दिवस आराम मिळतो. कंपनीशी असलेलं सेशन अडकलं असेल, म्हणजे राउटरला वाटतंय जोडलेलं आहे पण डेटा जात नाही, ते सुटतं. चॅनल ऑटोवर असेल तर बहुतेक राउटर चालू होताना परत आजूबाजूचं वायफाय बघून चॅनल निवडतात, त्यामुळे शेजारच्यांच्या वायफायची गर्दी असेल तिथेही फरक पडतो.

पण बटण बंद करायच्या आधी दोन मिनिटं द्या आणि राउटरच्या पेजवर जाऊन लॉग बघून घ्या, कारण बऱ्याच घरगुती राउटरमध्ये लॉग रॅममध्येच असतो. रीबूट केला की पुरावा गेला. पेजचा पत्ता माहीत नसेल तर विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
ipconfig
```

त्यात `Default Gateway` समोर जो आकडा दिसेल, बहुतेक वेळा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`, तो ब्राउझरमध्ये टाकायचा. मोबाईलवर असाल तर वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या माहितीत गेटवे किंवा राउटर नावाने तोच आकडा दिसतो. आत गेल्यावर `System Log` शोधा, आणि स्टेटस पेजवर `Uptime` किंवा `Running Time` शोधा.

हा अपटाइम म्हणजेच मी वर म्हटलं तो आकडा. राउटर सलग किती वेळ चालू आहे ते तो सांगतो. तुम्ही चार दिवसांत राउटरला हात लावलेला नाही, घरात वीज गेलेली नाही आणि अपटाइम दाखवतोय ३ तास, तर राउटर आपोआप रीस्टार्ट होतोय. अशा वेळी आधी अ‍ॅडॉप्टर आणि त्याची पिन बघायची, मग राउटर फार तापतोय का ते. माझ्याकडे १२ व्होल्ट १ अँपियरचा अ‍ॅडॉप्टर होता, तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच अँपियरचा दुसरा लावला आणि त्रास संपला. अँपियर जास्त असलेला चालतो, पण व्होल्ट मात्र तोच हवा आणि पिनही तीच. अपटाइम चार दिवसांचा दिसतोय तरी नेट जातंय, तर राउटर जागा आहे, तुटतंय ते कंपनीकडचं जोडणं किंवा वायफाय.

आता प्रत्यक्ष रीबूट. पेजमध्ये `Reboot` चा पर्याय असेल तर तोच वापरा, वीज काढून टाकण्यापेक्षा तो बरा. पीपीपीओईमध्ये राउटर नीट बंद होतो तेव्हा जाताना कंपनीच्या सर्व्हरला सांगून जातो की माझं सेशन संपलं. प्लग खेचला की ते सांगायचं राहतं, मग कंपनीचा सर्व्हर काही वेळ तुमचं जुनं सेशन जिवंत धरून बसतो, आणि एका युजरनेमवर एकच सेशन चालत असेल तर नवीन लॉगिन नाकारलं जातं. लोकांना वाटतं रीबूटनंतर अजूनच बिघडलं, परत प्लग काढतात, परत तेच. अशा वेळी पाच-दहा मिनिटं राउटर बंद ठेवा किंवा चालू ठेवून वाट बघा, जुनं सेशन सुटलं की आपोआप जोडतो.

पेज उघडतच नसेल तर प्लग काढण्याशिवाय इलाज नाही. मग ३० सेकंद थांबा, लगेच लावू नका, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरलेली असते आणि फारच पटकन लावला तर तो पूर्ण बंद झालेलाच नसतो. आणि फायबरचा डबा वेगळा, राउटर वेगळा असं असेल तर दोन्ही बंद करा, आधी फायबरचा डबा चालू करा, त्याचा पॉनचा लाईट स्थिर होऊ द्या, मगच राउटर.

एक गोष्ट इथे ठासून सांगते. फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाईट लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. केबल तुटली, वाकली, कनेक्टर निघाला, किंवा कंपनीकडून बंद आहे. त्याला रीबूटचाही उपयोग नाही आणि रीसेटचा तर अजिबातच नाही, हातातली पिन खाली ठेवा आणि कंपनीला फोन करा.

रीबूटनंतर किती वेळ नीट चाललं?

मला विचाराल तर सगळं निदान या एका प्रश्नात आहे. रीबूट केल्यावर वेळ लिहून ठेवा, आणि बिघाड परत कधी आला तेही लिहा.

महिनाभर आला नाही, तर विषय संपला. चार-पाच दिवस छान आणि मग परत हळूहळू मंद, तर पसारा साठत जातोय, बहुतेक फर्मवेअरची चूक किंवा राउटरच्या कुवतीपेक्षा जास्त डिव्हाइस, आणि त्याला फर्मवेअर अपडेट करायचं, ते मिळत नसेल तर राउटरच्या शेड्यूलमध्ये आठवड्यातून एकदा पहाटे रीबूट लावून ठेवायचा. तासाभरातच परत आला तर अपटाइम बघा, अ‍ॅडॉप्टर बघा, उष्णता बघा. आणि रीबूटने एक क्षणही फरक पडला नाही, लाईट सगळे ठीक आहेत, लॅपटॉप केबलने जोडला तरी तेच, तर कंपनीला विचारून लाईन ठीक आहे हे पक्कं झाल्यावर मग सेटिंग्जवर संशय घ्यायचा. रीसेटचा विचार इथून पुढे.

रीसेट खरंच कधी लागतो

अ‍ॅडमिन पासवर्ड विसरलात, दुसरा मार्गच नाही. राउटर कोणाचा वापरलेला घेतला किंवा कोणाला देऊन टाकताय, तर त्यातली माहिती पुसायलाच हवी. सेटिंग्जमध्ये इतकी उलथापालथ केली की काय बदललं तेच आठवत नाही. मोठ्या फर्मवेअर अपडेटनंतर जुन्या सेटिंग्ज नवीन फर्मवेअरला पचत नाहीत, म्हणजे पेज अर्धवट उघडतं, सेव्ह केलेलं टिकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं कारण, राउटरमध्ये कोणी घुसलंय असा संशय.

या शेवटच्या कारणाचं एक खरं उदाहरण आहे ज्यातून रीबूट आणि रीसेटमधला फरक छान कळतो. मे २०१८ मध्ये सिस्को टॅलोसने व्हीपीएनफिल्टर नावाचा मालवेअर उघड केला, ५४ देशांमधले किमान ५ लाख राउटर आणि स्टोरेज डिव्हाइस त्याने पकडले होते. तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर रीबूट करा असं सांगितलं. पण त्या मालवेअरचे टप्पे होते, दुसरा आणि तिसरा टप्पा रॅममध्ये राहायचा त्यामुळे रीबूटने उडायचा, पहिला टप्पा मात्र रीबूटनंतरही टिकून राहायचा आणि बाकीचे परत आणू शकायचा. म्हणून पूर्ण काढायला फॅक्टरी रीसेट आणि वर नवीन फर्मवेअर असा सल्ला होता. त्याच्या आधी २०१६ मधला मिराई उलट होता, तो फक्त रॅममध्ये राहायचा, रीबूटने जायचा, पण पासवर्ड फॅक्टरीचाच ठेवला असेल तर थोड्याच वेळात परत यायचा. म्हणजे रीसेट मारून अ‍ॅडमिन पासवर्ड तसाच ठेवला तर काम अर्धंच झालं.

पिन टोचायच्या आधी

बॅकअप म्हटलं की लोक फक्त फाईल डाउनलोड करतात आणि निश्चिंत होतात. फाईल घ्याच, पण तिच्यावर सगळा भरवसा ठेवू नका. मी तीन गोष्टी घेते, फाईल, स्क्रीनशॉट, आणि कागदावर लिहिलेली कनेक्शनची माहिती, आणि या तिघांत सगळ्यात मोलाचा कागद आहे.

फाईलचा पर्याय `System Tools` किंवा `Administration` किंवा `Maintenance` अशा मेनूत `Backup & Restore` नावाने असतो. बटण दाबलं की `config.bin` किंवा `.cfg` अशी छोटी फाईल येते. तिचं नाव लगेच बदला, त्यात राउटरचं मॉडेल, हार्डवेअर व्हर्जन, फर्मवेअर व्हर्जन आणि तारीख टाका, कारण ही फाईल सहसा त्याच मॉडेलवर चालते, आणि बऱ्याचदा फर्मवेअरही तेच किंवा जवळचं लागतं. नवीन वेगळ्या मॉडेलचा राउटर घेतला तर तिचा उपयोग शून्य. आणि काही राउटरमध्ये ही फाईल साध्या अक्षरांत असते, नोटपॅडमध्ये उघडली तर सगळे पासवर्ड वाचता येतात, त्यामुळे ती कोणाला मदतीसाठी म्हणून सहज पाठवू नका.

फाईलची आणखी एक मर्यादा आहे जी वेळेवर लक्षात येत नाही. ती आत्ताच्या सेटिंग्जची हुबेहूब नक्कल असते, म्हणजे बिघाड सेटिंग्जमध्ये असेल तर तो बिघाडही तिच्यात आहे. रीसेट मारला, फाईल परत टाकली, आणि आजार परत आला, असं होतं. ही फाईल कामाची केव्हा, तर चुकून रीसेट झाला, किंवा राउटर जळाला आणि तसाच दुसरा आणला. सेटिंग्ज बिघडल्या म्हणून किंवा कोणी घुसलं म्हणून रीसेट करताय, तर फाईल परत टाकायचीच नाही, हाताने भरायचं. म्हणूनच स्क्रीनशॉट लागतात.

स्क्रीनशॉट कुठल्या पेजचे? आधी `WAN` किंवा `Internet` चं पेज, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यात कनेक्शनचा प्रकार बघा, `PPPoE` आहे, `Dynamic IP` आहे की `Static IP`. युजरनेम, `VLAN ID` असेल तर तो आकडा, डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे आकडे, आणि `MAC Clone` चालू आहे का ते. हे शेवटचं लोक विसरतात. काही कंपन्या तुमचं कनेक्शन एका ठराविक मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे डिव्हाइसच्या ओळख-क्रमांकाला, बांधून ठेवतात, आणि आधीच्या राउटरचा मॅक नवीन राउटरमध्ये क्लोन केलेला असतो. रीसेटने तो जातो आणि मग पासवर्ड बरोबर असूनही नेट येत नाही. मग वायफायचं पेज, आणि तुम्ही वापरत असाल तर पोर्ट फॉरवर्डिंग आणि ठराविक डिव्हाइसला ठराविक आयपी दिल्याची यादी, कॅमेरे किंवा प्रिंटर असलेल्या घरात ही असते.

आता पीपीपीओईचा पासवर्ड. तो पेजवर ठिपक्यांनी झाकलेला असतो. शेजारी डोळ्याची खूण असेल तर दाबा, झालं. नसेल तर लॅपटॉपवर त्या चौकटीवर राइट क्लिक करून `Inspect` उघडा, तिथे असा भाग दिसेल:

```
<input type="password" ...>
```

त्यात `password` च्या जागी `text` लिहा आणि एंटर मारा, चौकटीतली अक्षरं दिसायला लागतील. पण लगेच खूश होऊ नका, काही राउटर खरा पासवर्ड ब्राउझरला पाठवतच नाहीत, नुसते चांदण्यांचे ठिपके पाठवतात. नुसत्या चांदण्या दिसल्या, चौकट रिकामी दिसली किंवा काहीतरी निरर्थक लांबलचक दिसलं तर तो पासवर्ड नाही. तेव्हा कंपनीला फोन करून पासवर्ड मागून घ्या किंवा नवीन करून घ्या, आणि हा फोन रीसेटच्या आधी करायचा, नेट जिवंत असताना, कस्टमर केअर उघडं असताना.

मिळालेला पासवर्ड बरोबर आहे का हे रीसेटआधी तपासताही येतं, आणि ही युक्ती फार कमी लोक करतात. फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये असेल, म्हणजे स्वतः लॉगिन न करता नुसतं कनेक्शन पुढे देत असेल, आणि पीपीपीओई तुमचा राउटर करत असेल, तर राउटर बंद करून दहा मिनिटं थांबा, राउटरच्या वॅन पोर्टमधली केबल काढून लॅपटॉपला लावा, आणि विंडोजच्या `Network and Sharing Center` मध्ये `Set up a new connection or network` मधून ब्रॉडबँडचं पीपीपीओई कनेक्शन तयार करून जोडा. जोडलं तर पासवर्ड पक्का. `Error 691` आला तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकतोय, किंवा जुनं सेशन अजून सुटलेलं नाही. `Error 651` आला तर पलीकडून उत्तरच येत नाहीये. फक्त कनेक्शनला व्हीलॅन लागत असेल किंवा मॅक बांधलेला असेल तर ही चाचणी पासवर्ड बरोबर असूनही फसू शकते, हे लक्षात ठेवा.

आणि राउटरच्या खालच्या स्टिकरचा फोटो काढा. रीसेटनंतर वायफायचं नाव, पासवर्ड आणि अ‍ॅडमिन लॉगिन त्या स्टिकरवरचं लागतं.

फायबर थेट ज्याच्यात घुसते तो कंपनीने दिलेला एकत्र डबा असेल, तर त्याला रीसेट मारायच्या आधी कंपनीला विचारा. त्यात कधीकधी फायबरच्या बाजूचा पासवर्ड, व्हीलॅन, लँडलाईनची सेटिंग असते. काही कंपन्यांच्या डब्यात हे सगळं रीसेटनंतर लांबून आपोआप भरलं जातं, काहींत माणूस येऊन भरतो, आणि तुमचा डबा यातला कुठला ते पिन टोचून कळण्यात अर्थ नाही.

मावशीकडचा राउटर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मावशीचा फोन आला, "अगं, बँकेचं पेज उघडलं की भलतंच काहीतरी येतंय, लॉटरी लागली म्हणून." मोबाईल बिघडला असं तिला वाटत होतं. मी म्हटलं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर उघड. नीट उघडलं. काकांच्या लॅपटॉपवर वायफायवर परत तेच. म्हणजे दोष मोबाईलचा नव्हता, राउटरकडे बोट होतं. "आणि तोपर्यंत बँकेत अजिबात लॉगिन करू नका," एवढं आधी सांगितलं.

गेल्यावर आधी रीबूट केला, काहीच फरक नाही. म्हणजे जे होतं ते फ्लॅशमध्ये होतं. पेज उघडलं, लॉगिन `admin` आणि पासवर्डही `admin`. `WAN` च्या पेजवर डीएनएस ऑटो असायला हवा होता, तिथे हाताने भरलेले दोन अनोळखी आकडे होते, आणि `Remote Management` चालू होतं. कोणीतरी बाहेरून आत येऊन डीएनएस बदलला होता, म्हणजे नाव बँकेचं टाकलं तरी पत्ता भलत्याचाच मिळत होता.

काका म्हणाले, "मग ते दोन आकडे पुसून टाक की, रीसेट कशाला?" प्रश्न रास्त होता. पण जो माणूस आत येऊन डीएनएस बदलतो त्याने अजून काय काय बदललं ते मला एकेक पेज बघून खात्रीने सांगता आलं नसतं, त्यामुळे इथे रीसेटच बरोबर. आणि बॅकअप फाईल घेतली ती फक्त नोंद म्हणून, परत टाकायला नाही.

सकाळी अकरा वाजता बसलो, म्हणजे अडलं तर कस्टमर केअर चालू. स्क्रीनशॉट काढले, पीपीपीओईचा पासवर्ड `Inspect` मधून दिसला तो कागदावर लिहिला, स्टिकरचा फोटो काढला. राउटरच्या मॉडेलच्या निर्मात्याच्या साइटवरून नवीन फर्मवेअर मी माझ्या मोबाईल डेटावर डाउनलोड करून लॅपटॉपमध्ये घेतलं, स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जन जुळवून, कारण एकाच मॉडेलच्या दोन व्हर्जनची फर्मवेअर वेगळी असतात आणि चुकीचं टाकलं तर राउटर कायमचा बंद पडू शकतो.

मग इंटरनेटची केबल वॅन पोर्टमधून काढली, म्हणजे `admin` पासवर्ड असलेला कोरा राउटर एक मिनिटही बाहेर उघडा राहणार नाही. लॅपटॉप लॅन पोर्टला केबलने जोडला. राउटर चालू ठेवून पिनने बटण साधारण १० सेकंद दाबून धरलं, सगळे लाईट एकदम लुकलुकले की सोडलं. हे बटण राउटर चालू असतानाच दाबायचं असतं, आणि लाईट लुकलुकले नाहीत आणि वायफायचं नाव तेच राहिलं तर समजायचं की कमी वेळ दाबलं गेलं, नुसता रीबूट झाला. काही राउटरमध्ये डब्ल्यूपीएस आणि रीसेट एकाच बटणावर असतात, थोडं दाबलं की डब्ल्यूपीएस, जास्त वेळ दाबलं की रीसेट. त्यानंतर तीन मिनिटं कशालाही हात लावला नाही, कारण तेव्हा तो फ्लॅशमध्ये लिहीत असतो, वीज जाऊ द्यायची नाही.

चालू झाल्यावर पहिलं काम नवीन अ‍ॅडमिन पासवर्ड. दुसरं, लॅपटॉपवरून फर्मवेअर. राउटर परत चालू झाला की `Remote Management` बंद आहे ना ते बघितलं. मग `WAN` मध्ये `PPPoE` निवडून युजरनेम-पासवर्ड टाकला, डीएनएस ऑटो ठेवला, आणि आता कुठे केबल परत लावली. एका मिनिटात जोडलं.

वायफायच्या बाबतीत एक निवड करावी लागते. साधा बिघाड म्हणून रीसेट केला असेल तर नाव आणि पासवर्ड अक्षरशः पूर्वीचाच ठेवा, कॅपिटल-स्मॉल आणि स्पेससकट, आणि सिक्युरिटीचा प्रकारही तोच, मग घरातले टीव्ही, प्रिंटर, मोबाईल सगळे आपोआप जोडले जातात, एकालाही हात लावावा लागत नाही. पण मावशीकडे जो आत आला होता त्याने वायफायचा पासवर्डही वाचलेला असू शकत होता, म्हणून तिथे नवीन ठेवला आणि सात डिव्हाइस एकेक करून जोडले, अर्धा तास गेला. पीपीपीओईचा पासवर्डही कंपनीकडून बदलून घेतला, आणि बँकेचा पासवर्ड तिने मोबाईल डेटावरून बदलला.

शेवटी, सगळं नीट चालतंय हे दोन दिवस बघून झाल्यावर नवीन बॅकअप फाईल घेतली, नाव दिलं, आणि नवीन पासवर्ड लिहिलेला कागद एका पाकिटात घालून त्यांच्या वीजबिलांच्या फाईलमध्ये ठेवला, राउटरला चिकटवला नाही, कारण येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही तो वाचता आला असता.